रक्तक्लथनरोधक व बिंबाणुरोधक औषधे

रक्तात गुठळी होण्यास किंवा ती वाढण्यास अटकाव करणारी औषधे. रक्तक्लथनरोधके फायब्रिन तयार होण्याची साखळी तोडतात, तर बिंबाणुरोधके बिंबाणूंना एकमेकांना चिकटू देत नाहीत.

हेपारिन शिरेतून दिल्यावर अँटिथ्रॉम्बिनला बळ देते व लगेच परिणाम करते. त्याची मात्रा एपीटीटी चाचणीवरून ठरवतात. उतारा प्रोटामीन, साधारण १०० एककांना १ मिग्रॅ.

वॉर्फरिन यकृतातील के जीवनसत्त्वाचे पुनरुज्जीवन रोखते. त्यामुळे २, ७, ९ व १० हे घटक सदोष बनतात. आधीच रक्तात असलेले घटक मात्र काम करत राहतात. सातव्या घटकाचे अर्धायुष्य सुमारे ६ तास, तर दुसऱ्याचे सुमारे ६० तास असते. म्हणून पायातील शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाचा आयएनआर दोन दिवसांत वाढला, तरी खरे संरक्षण मिळालेले नसते. हेपारिन किमान ५ दिवस आणि आयएनआर २ च्या वर स्थिरावेपर्यंत सोबत देतात. याच रुग्णाला पुढे गंभीर रक्तस्राव झाल्यास शिरेतून के जीवनसत्त्व देतात. पण यकृताला नवे घटक बनवायला काही तास लागतात. तोवर प्रोथ्रॉम्बिन संहत तयार घटक पुरवते.

ॲस्पिरिन बिंबाणूंतील कॉक्स-१ हे एंझाइम कायमचे निकामी करते. बिंबाणूंना केंद्रक नसल्याने ते नवे एंझाइम बनवू शकत नाहीत. परिणाम ७ ते १० दिवस टिकतो. ॲस्पिरिनसाठी नेहमीची रक्तचाचणी लागत नाही व त्याला विशिष्ट उतारा नाही.