लाल शाईतला भाडेकरार : भाडेकरूच्या बाजूने दुरुस्ती करताना गुण कशाला?

विधी महाविद्यालयांतील मसुदालेखनाच्या प्रात्यक्षिकात अलीकडे एक प्रश्न वारंवार दिसतो. विद्यार्थ्याच्या हाती घरमालकाच्या वकिलाने तयार केलेला लीव्ह अँड लायसन्स करार दिला जातो आणि भाडेकरूचे वकील या नात्याने त्यात दुरुस्त्या सुचवा, असे सांगितले जाते. मूळ मजकूर पुसायचा नसतो. वगळलेले शब्द लाल रेषेने खोडलेले दिसले पाहिजेत, नवे शब्द अधोरेखित असले पाहिजेत आणि प्रत्येक महत्त्वाच्या बदलाशेजारी समासात त्याचे कारण असले पाहिजे. वकिली व्यवसायात या कामाला ‘रेडलायनिंग’ म्हणतात. प्रश्न सोपा वाटतो. मात्र करारात जितका लाल रंग अधिक, तितके गुण अधिक, या समजुतीपायी बरेच विद्यार्थी येथे घसरतात.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार या विषयात मसुदालेखनाचे 15 आणि हस्तांतरलेखनाचे 15 सराव असतात. प्रत्येक सरावाला 3 गुण असतात, तर तोंडी परीक्षेला 10. तीन गुणांत फार बारकावे मोजता येत नाहीत. म्हणून हाच प्रश्न 20 गुणांचा मानून एक नमुना तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

समजा, नागपूरहून पुण्यात बदली होऊन आलेले एक दांपत्य कोथरूडमध्ये दोन खोल्यांची सदनिका घेत आहे. मुदत 22 महिने, मासिक शुल्क 22 हजार रुपये, अनामत 1 लाख रुपये. पक्षकाराने वकिलाला तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पतीची पुन्हा बदली होऊ शकते. अनामतीची रक्कम म्हणजे त्यांची जवळजवळ सारी शिल्लक आहे. घरमालक सदनिका विकण्याच्या विचारात असल्याचे सोसायटीत बोलले जाते. शुल्काची रक्कम मात्र ठरलेली असून ती मान्य आहे. ही माहिती प्रश्नपत्रिकेत सहज पेरलेली असते आणि अर्धी परीक्षा तिथेच असते. ज्याने शुल्क 22 हजारांवरून 20 हजारांवर आणले, त्याने पक्षकाराचे ऐकलेलेच नाही. परीक्षकाने येथे गुण कापलेच पाहिजेत.

नमुना गुणपत्रक असे मांडता येईल : पक्षकाराच्या दृष्टीने कळीचे मुद्दे हेरण्यास 7, शब्दरचनेच्या अचूकतेस 5, संयमास 3, लाल रेघांच्या शिस्तीस 3 आणि पक्षकाराला लिहायच्या छोट्या पत्रास 2.

पहिला कळीचा मुद्दा ‘लॉक-इन’चा. मसुद्यातील नववे कलम म्हणते : “लायसन्सी पहिले 11 महिने जागा सोडणार नाही, सोडल्यास उर्वरित कालावधीचे संपूर्ण शुल्क देईल. मालक 30 दिवसांची नोटीस देऊन करार केव्हाही संपुष्टात आणू शकेल.” येथे आधी हिशेब केला पाहिजे. चार महिन्यांनी बदलीचा आदेश आला, तर उरलेल्या सात महिन्यांचे 1 लाख 54 हजार रुपये द्यावे लागतील. संपूर्ण अनामत गेली, तरी 54 हजारांची मागणी शिल्लक राहते. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 74 सांगते, की करारभंगासाठी ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि भरपाई वाजवीच मिळते. त्यामुळे अनेक विद्यार्थी समासात ‘कलम 74 नुसार हे अमान्य’ एवढेच लिहून पुढे जातात. अशा शेऱ्याला फार तर अर्धा गुण द्यावा, कारण त्याचा अर्थ अनामत आधी मालकाच्या हाती जाऊ द्यायची आणि मग न्यायालयात भांडायचे, असा होतो. पक्षकाराला खटला नको, घर बदलण्याची मुभा हवी आहे.

चांगली दुरुस्ती अशी : “पहिले 6 महिने उभयपक्षी बंधनकारक राहतील. त्यानंतर कोणताही पक्ष 2 महिन्यांची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणू शकेल. मात्र लायसन्सीची पुण्याबाहेर बदली झाल्यास व बदलीचा लेखी आदेश सादर केल्यास, त्यास पहिल्या 6 महिन्यांतही 2 महिन्यांची नोटीस अथवा तितके शुल्क देऊन जागा सोडता येईल.” आता जास्तीत जास्त जोखीम 44 हजारांची उरते आणि मालकालाही नवा भाडेकरू शोधण्यास दोन महिने मिळतात. समोरच्याला स्वीकारता येईल अशी दुरुस्ती करणे हाही गुणांचाच भाग आहे. लॉक-इन सरसकट खोडून टाकणाऱ्याचा मसुदा जसाच्या तसा परत येईल.

दुसरा मुद्दा अनामतीचा असून शब्दरचनेची खरी कसोटी येथे लागते. मसुद्यात “जागा रिकामी केल्यापासून 60 दिवसांत, मालकास योग्य वाटेल ती कपात करून” रक्कम परत करण्याचे म्हटले आहे. किल्ली दिल्यावर भाडेकरूच्या हातात काहीच उरत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येते. म्हणून ‘रक्कम मिळेपर्यंत लायसन्सी जागेत राहू शकेल’ असे वाक्य घातले जाते. हे वाक्य अर्धवट आणि म्हणून धोक्याचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार परवान्याची मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याकडून, सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत तो बाहेर काढला जाईपर्यंत, दुप्पट दराने नुकसानभरपाई वसूल करता येते. अनामतीसाठी अडून बसलेल्या भाडेकरूवर महिना 44 हजारांचा दावा होऊ शकतो. हे ओळखणारा विद्यार्थी वेगळे लिहील : मुदत संपण्याच्या 7 दिवस आधी दोघांनी मिळून पाहणी करावी, नुकसानीची लेखी यादी करावी, नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून केवळ त्या यादीतील पावतीसह खर्च कापावा आणि उर्वरित रक्कम किल्ली देतानाच द्यावी, “ती न दिल्यास परवान्याची मुदत रक्कम अदा होईपर्यंत, शुल्काविना, वाढली असे मानले जाईल.” मुदतच वाढली म्हटल्यावर ती संपल्यानंतरचा ताबा हा आक्षेप घेणे मालकाला कठीण जाते. ‘राहू शकेल’ आणि ‘मुदत वाढली असे मानले जाईल’ या दोन शब्दप्रयोगांतील अंतर येथे दोन गुणांचे आहे.

तिसरा मुद्दा मसुद्यात नाहीच, म्हणून तो सर्वाधिक सुटतो. घर विकले गेले तर काय? भाडेपट्ट्याच्या बाबतीत नवा मालक सामान्यतः जुन्या पट्ट्याला बांधील असतो, हे विद्यार्थ्यांनी वाचलेले असते आणि तोच नियम येथेही लागू होईल असे ते गृहीत धरतात. परंतु लीव्ह अँड लायसन्स हा पट्टा नव्हे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 59 नुसार परवाना देणाऱ्याने मिळकत हस्तांतरित केली, तर खरेदीदार त्या परवान्याला आपोआप बांधील राहत नाही. बोलीभाषेत आपण सारे ‘भाडेकरू’ म्हणतो, पण कागदावरच्या लायसन्सीला हे संरक्षण नाही. म्हणून 9(अ) असे नवे कलम घालावे लागते : विक्रीचा दस्त करण्यापूर्वी मालक 60 दिवसांची लेखी सूचना देईल, उर्वरित मुदत पाळण्याचे व अनामतीची जबाबदारी घेण्याचे खरेदीदाराचे लेखी हमीपत्र घेईल, ते न मिळाल्यास दस्तापूर्वी संपूर्ण अनामत परत करील आणि लायसन्सीवरील लॉक-इन त्या क्षणी संपेल.

या कलमालाही मर्यादा आहे. ते केवळ विकणाऱ्या मालकावर बंधनकारक आहे. त्याने वचन मोडले तर त्याच्याकडून भरपाई मागता येईल. मोबदला देऊन घेतलेल्या परवान्यापुरती तशी तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम 64 मध्ये आहे. खरेदीदाराविरुद्ध मात्र घर धरून ठेवता येणार नाही. ही मर्यादा पक्षकाराला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगणाऱ्यास पत्राचे दोन्ही गुण द्यायला हरकत नाही.

येथून काही जण भलत्याच वाटेला लागतात. लायसन्सीला संरक्षण कमी, म्हणून ते सर्वत्र ‘लायसन्सी’ खोडून ‘भाडेकरू’ आणि ‘शुल्क’ खोडून ‘भाडे’ करतात. असा कागद कोणताही सावध मालक सही करणार नाही. पक्षकाराला हवे असलेले घरच हातचे जाईल. दस्ताचे नाव नव्हे तर आशय महत्त्वाचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये असोसिएटेड हॉटेल्स प्रकरणात मांडले, हे खरे. पण महाराष्ट्रात कलम 24 च्या कामापुरता लेखी परवाना करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. नंतर न्यायालयात ‘प्रत्यक्षात हे भाडेच होते’ असे म्हणण्याच्या भरवशावर मसुदा करू नये. संयमाच्या तीन गुणांपैकी दोन या एका चुकीने जावेत.

नोंदणीचे कलम छोटे, पण सोडण्याजोगे नाही. मसुदा म्हणतो, ‘करार नोटरी केला जाईल, नोंदणी हवी असल्यास लायसन्सीने करावी’. अकरा महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही, हा समज शहरात अजूनही घट्ट आहे. महाराष्ट्रात 1999 च्या अधिनियमाच्या कलम 55 नुसार मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. यावर एखादा हुशार विद्यार्थी विचारतो, मग अनोंदणीकृत राहिलेलेच भाडेकरूच्या फायद्याचे नाही का? नाही, वर कष्टाने घातलेली अनामतीची आणि विक्रीची कलमे नोंदणीकृत कागदावर असतील तरच सिद्ध करण्याचा त्रास वाचतो.

दुरुस्तीखर्च, मालकाचा प्रवेश, पार्किंग यांसाठी एकेक वाक्य पुरे. गळती व इमारतीच्या रचनेची कामे मालकाकडे, नळ-दिवे भाडेकरूकडे. प्रवेश 24 तासांच्या सूचनेनंतर. उशिरा शुल्काचा दंड, भिंतीला खिळे न ठोकण्याची अट यांना हात न लावणेच शहाणपणाचे. 24 कलमांच्या करारात 40 दुरुस्त्या परत आल्या, की त्यांतील कोणत्या तीन खऱ्या महत्त्वाच्या, हे मालकाच्या वकिलाला समजेनासे होते आणि तो साऱ्याच नाकारतो.

उरते ती लाल रेघांची शिस्त. संगणकावर काम करताना ट्रॅक चेंजेस बंद ठेवून केलेला एकही बदल अक्षम्य मानावा. समोरचा वकील मूळ प्रतीशी तुलना करील तेव्हा तो लपवाछपवीच समजेल. तेथे या सदराचे तिन्ही गुण शून्य करावेत. नवे कलम 9(अ) म्हणून घालावे, म्हणजे पुढील कलमांचे क्रमांक आणि त्यांचे परस्पर उल्लेख बिघडत नाहीत. समासातील शेरा विरुद्ध पक्ष वाचणार आहे, हे विसरून ‘आमचे पक्षकार 3 महिन्यांच्या नोटिशीलाही तयार आहेत’ असे लिहिणारे दरवर्षी सापडतात. ती माहिती पक्षकाराच्या पत्रात जाते. शेवटी परीक्षकाने सारे बदल स्वीकारून स्वच्छ प्रत काढावी आणि ती एकदा सलग वाचावी. नवव्या कलमात 6 महिने आणि सतराव्या कलमात अजून 11 महिने राहिले असतील, तर ते याच वाचनात पकडले जाते.