सोन्याचा भाव आणि गिरणीकामगाराची टोपली

छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यात सोनं म्हणजे कधीही न बुडणारा पैसा, हे वेगळं सांगावं लागत नाही. आकडेही तसंच म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नोंदीत मुंबईचा सरासरी भाव दहा ग्रॅमला 1980-81 मध्ये सुमारे 1,522 रुपये होता आणि 2000-01 मध्ये 4,474 रुपये. आलेखावर ही रेघ वर चढते, वीस वर्षांत जवळजवळ तिप्पट होते. पण त्याच वीस वर्षांत ज्वारी, डाळ, रॉकेल, घरभाडं किती चढलं, हे ती रेघ सांगत नाही. ते सांगायचं तर भावाला कशाने तरी भागावं लागतं. त्या भाजकाची कुळकथा सोन्यापासून फार लांब, गिरणगावात सुरू होते.

विचार त्याहून जुना आहे. विल्यम फ्लीटवुड या इंग्रज धर्मगुरूने 1707 साली एक पुस्तक काढलं, त्यामागे एक व्यावहारिक पेच होता. ऑक्सफर्डच्या एका कॉलेजचा पंधराव्या शतकातला नियम असा, की वर्षाला पाच पौंडांची स्वतःची मिळकत असणाऱ्याने कॉलेजातली आपली जागा सोडावी. अडीचशे वर्षांनी पाच पौंड म्हणजे कितीसे? फ्लीटवुडने तेव्हाच्या पाच पौंडांत किती धान्य, मांस, पेय आणि कापड येई ते काढलं आणि तेवढ्याच मालाला आपल्या काळात काय पडतं ते पाहिलं.

आपल्याकडे हे काम सरकारने हाती घेतलं ते संपांमुळे. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, मुंबईच्या गिरण्या बंद पडू लागल्या, आणि मजुरी नेमकी किती वाढवायची याला आधार हवा झाला. 1921 साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस उघडलं. फिंडले शिरास त्याचे संचालक. त्याच वर्षी ‘लेबर गॅझेट’ निघालं आणि त्यात जुलै 1914 = 100 धरून कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक छापला जाऊ लागला. टोपलीत तांदूळ, ज्वारी, बाजरी, तूरडाळ, गूळ, रॉकेल, धोतरं आणि खोलीचं भाडं होतं. मात्र कोणत्या वस्तूला किती वजन द्यायचं हे आधी देशभरच्या एकूण खपाच्या अंदाजावरून ठरवलेलं होतं. कामगारांच्या घरखर्चाची पाहणी करून वजनं बसवलेली नवी मालिका पुढे 1933-34 च्या पायावर आली. आजचा महागाई भत्ता ज्यावर ठरतो तो औद्योगिक कामगारांचा निर्देशांक याच वंशातला. आलेख काढणाऱ्यांनी तो उसना घेतलेला आहे.

उसन्या हत्याराची खोड माहीत असावी लागते. लोकांची टोपली बदलते, म्हणून पायाचं वर्षही बदलतं: 1960, 1982, 2001, 2016. ऑगस्ट 2020 चा आकडा 338 आणि सप्टेंबरचा 118.1! महागाई एका महिन्यात कोसळली नव्हती, पाया बदलला होता. दोन मालिका सांधायला जोडगुणक दिलेला असतो. 1960 ते 1982 साठी तो 4.93 आहे, 1982 ते 2001 साठी 4.63 आणि पुढे 2.88. म्हणजे 338 भागिले 2.88 केलं की 117.4 येतात आणि सांधा बसतो. तुमच्या आलेखात पाया बदलल्याच्या महिन्यातच कडा तुटलेला दिसला, तर जोडगुणक राहिला असं समजावं.

आता सोनं. 1980-81 चा निर्देशांक 1960 च्या पायावर 401 होता. 4.93 ने भागून तो 1982 च्या पायावर 81.3 होतो. 2000-01 चा त्याच पायावर 444. म्हणजे राहणीखर्च साधारण 5.46 पट झाला. 1,522 ला 5.46 ने गुणलं तर सुमारे 8,300 रुपये येतात. सोन्याने महागाईला नुसतं धरून राहायचं म्हटलं असतं, तरी 2000-01 मध्ये एवढा भाव लागला असता. प्रत्यक्षात होता 4,474. वर चढणारी ती रेघ खरं तर 46 टक्क्यांनी उतरलेली होती. अर्थात हे उत्तर कामगाराच्या टोपलीचं आहे. कन्नडच्या शेतकऱ्याची किंवा सिडकोतल्या निवृत्त प्राध्यापकाची टोपली वेगळी भरते.

या शहरात आलेख आणखी मागे न्यायचा तर एक गाठ आधी सोडवावी लागते. 1948 पर्यंत औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं आणि इथल्या जुन्या वह्यांतले भाव बहुधा हाली रुपयांत असत. शंभर कळदार म्हणजे 116 हाली रुपये, 10 आणे, 8 पै, अर्थात सहाला सात. हाली भाव तसाच मांडला तर तो कळदारपेक्षा सहाव्या हिश्श्याने महाग दिसतो. म्हणून आधी सहाने गुणून साताने भागायचं, भाव कळदार करायचा आणि मगच निर्देशांक लावायचा. तोही मुंबईचा लावला असेल तर आलेखाखाली तसं लिहायचं आणि तेवढी रेघ तुटक काढायची, कारण गिरणगावातलं खोलीभाडं औरंगाबादेत कुणी भरत नव्हतं.