ऊड़ा, उपकार आणि एक रिकामा रकाना

हिंगणघाटला आमच्या शेजारी एक शीख कुटुंब राहायचं. फाळणीनंतर पंजाबातून दिल्लीला, तिथून नागपूरला आणि शेवटी कापसाच्या गठाणी वाहणाऱ्या ट्रकच्या मागे हिंगणघाटला असा त्यांचा प्रवास. घरातल्या आजोबांना सगळी गल्ली पापाजी म्हणायची आणि आजींना बीजी. त्या दोघांच्या गप्पांतून मला इतिहास जेवढा मिळाला तेवढा शाळेतून मिळाला नाही. फरक इतकाच, की पापाजी सांगायचे आणि बीजी मधेच दुरुस्त करायच्या.

त्यांच्या नातीचं नाव ठेवायला आम्हीही नागपूरच्या गुरुद्वाऱ्यात गेलो होतो. माझी आजी निघतानाच म्हणाली, "बारावा दिवस तर केव्हाचा गेला, आता कशाचं बारसं बापा?" बीजी हसल्या. दिवसांचा हिशेब त्यांच्यात नाही. बाळंतीण उठून न्हाऊन निघाली, की सोयीच्या दिवशी बाळाला घेऊन गुरू ग्रंथ साहिबांसमोर जायचं, एवढंच.

आधी अरदास झाली. मग ग्रंथीजींनी रुमाला बाजूला सारून ग्रंथ उघडला. डाव्या पानाच्या माथ्यावर जो शबद येतो तो त्या बाळासाठीचा हुकूम. शबद आदल्या पानावर सुरू झालेला असेल, तर पान मागे उलटून सुरुवातीपासून वाचायचा. त्या दिवशी माथ्यावर रागाचं नाव होतं सोरठ. ते ऐकताच बाळाचे तायाजी पुटपुटले, "सस्सा आला! सिमरन ठेवू." त्यांनी खिशातली नावांची चिठ्ठीही काढली. ग्रंथीजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. रागाचं नाव आणि 'महला' हे मथळ्यातलं. अक्षर धरायचं ते गुरूच्या वाणीतल्या पहिल्या शब्दाचं. त्यांनी वाचायला घेतलं आणि पहिला शब्द निघाला तो गुरुमुखीच्या पहिल्याच अक्षराचा, ऊड़ाचा.

इथे दुसरा पेच पडला. आपल्या बाराखडीत उ वेगळा आणि ओ वेगळा. गुरुमुखीत उ, ऊ आणि ओ हे तिन्ही स्वर ऊड़ाच्याच अंगावर लिहितात. शब्द 'उ'ने सुरू झालेला असताना 'ओंकार' नाव चालेल का, यावर तिथेच दोन मतं पडली. बाळाच्या आईला ओंकार आवडलं होतं. अक्षर एकच आहे, मग अडचण काय, असं ती म्हणाली. तायाजी, मघाशी चुकल्यामुळे असेल, आता कडक झाले होते. उच्चार तोच हवा, असा त्यांचा हट्ट. ग्रंथीजींनी कोणालाच खोटं पाडलं नाही. त्यांनी 'उपकार' सुचवलं, संगतीने जयकारा दिला आणि मुलगी उपकार कौर झाली. आनंद साहिब झाला, कडाह प्रसाद वाटला. ओंकारचा वाद मात्र जेवणाच्या पंगतीतही चालूच होता.

परतताना आजी म्हणाली, "म्हंजे राशीचंच अक्षर की." यात अर्धं खरं होतं. अक्षर बाहेरून येतं आणि नाव घरचे निवडतात, हे दोन्हीकडे सारखं. पण आपलं अक्षर जन्मवेळेच्या नक्षत्रचरणावरून निघतं. पत्रिका करणाऱ्याला घटका-पळं लागतात. ग्रंथीजींनी बाळ केव्हा जन्मलं हे विचारलंसुद्धा नव्हतं. शिवाय आलेलं पान कोणाचंही असू शकतं. ग्रंथात आपल्या नामदेवांचे 61 शबद आहेत. त्यांतला एखादा माथ्यावर आला, तर पंजाबी बाळाचं अक्षर नरसी बामणीच्या नामदेवांकडून यायचं. हे कळल्यावर आजीने राशीचा विषय सोडला.

दुसरी गोष्ट नावातल्या शेवटच्या शब्दाची. पापाजींच्या मते 1699 च्या वैशाखीला आनंदपूरला दशम गुरूंनी पाच प्याऱ्यांना अमृत दिलं, त्याच दिवशी सगळे पुरुष सिंग झाले आणि सगळ्या बाया कौर. त्या पाचांतले साहिबचंद बीदरचे न्हावी, हे ते आवर्जून सांगत. कारण बीदर आपल्याकडून पंजाबापेक्षा कितीतरी जवळ. साहिबचंद साहिबसिंग झाले. खत्री, जाट, छिंबा, कहार आणि न्हावी यांची जात सांगणारी शेपटं गळाली आणि पाचांना एकच शब्द लागला. गुरू गोविंदरायही त्याच दिवशी गोविंदसिंग झाले.

सिंगपर्यंत बीजी मान हलवायच्या. कौरवर त्या अडवायच्या. "मग मुगटला काय म्हणतात?" नांदेडजवळ मुगटला गुरूंच्या पत्नीच्या नावाचा गुरुद्वारा आहे. तिथल्या माताजींना कोणी साहिब कौर म्हणतं, पण जुन्या माणसांच्या तोंडी साहिब देवां. बीजींचा मुद्दा बिनतोड नव्हता, पण इतिहासाला धरून होता. अठराव्या शतकात कौर हे नाव दिसतं. रणजितसिंगांच्या सासू सदा कौर होत्या. पण प्रत्येक शीख बाईच्या नावापुढे ते हमखास येऊ लागलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिंग सभेच्या सुधारकांनी रेटा लावल्यावर, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. मुलाला सिंग आणि मुलीला कौर हा नेम 1945 च्या रहित मर्यादेत लेखी आला. पापाजींनी हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

माझ्या आजीला यातलं एकच भावलं. "म्हंजे लग्न झालं तरी बाई कौरच? माझं तर नावही बदललं अन् आडनावही. माहेरच्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नाही." बीजी माहेरी कौर होत्या, सासरीही कौरच.

या पद्धतीत पहिला शब्द स्त्री-पुरुषांना सारखाच असतो. त्यामुळे मुलगा की मुलगी हे शेवटच्याच शब्दावरून कळतं. उपकार शाळेत गेली तेव्हा लेखनिकाने विचारलं, "आडनाव?" वडिलांच्या नावात सिंग दिसलं, म्हणून त्याने मुलीच्या रकान्यातही सिंग लिहिलं. वडिलांचं सिंग आणि मुलीचं कौर एका घरचं कसं असेल, असा त्याचा साधा हिशेब. दहावीच्या परीक्षेला उपकार सिंगची बैठक मुलांच्या यादीत निघाली. प्रवेशपत्र दुरुस्त झालं, पण दाखला बदलायला प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राची जाहिरात लागली.

हे हिंगणघाटापुरतं नाही. कॅनडाच्या सरकारने काही वर्षं भारतातून येणाऱ्या स्थलांतरितांना सिंग आणि कौर ही आडनावं फारच सर्रास आहेत म्हणून बदलायला लावली होती; ओरड झाल्यावर 2007 मध्ये तो नियम मागे घेतला. याच कटकटीपायी आता बरीच शीख कुटुंबं सेठी, बेदी असं जुनं घराण्याचं नाव कौर-सिंगच्या पुढे लावतात. जे आनंदपूरला गाळलं ते अर्जाच्या रकान्यातून परत येतं. लग्नाच्या जाहिरातीत तर ते गेलंच नव्हतं, असं बीजी म्हणायच्या.

महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम सक्तीचा आहे. त्या शेवटच्या रकान्यात शीख मुलीसाठी काय लिहायचं, हे वडिलांच्या नावावरून ठरवू नका. आईला विचारा आणि ती कौर म्हणाली, तर कौरच लिहा.