अंकांना शब्दांचा आधार : पद्यात बांधलेला इतिहास

लहानपणी सायंकाळी दिवेलागणीनंतर आजोबा आमच्याकडून परवचा म्हणवून घेत. शुभंकरोतीपाठोपाठ पाढे येत. एकदा साताच्या पाढ्यात मी 'सात आठे चोपन्न' असे मोठ्या झोकात म्हणून गेलो. लयीत कोठेही खोट नव्हती, त्यामुळे धाकट्या भावंडांनीही तसेच म्हटले. आजोबा तेवढे थबकले व म्हणाले, "चाल बरोबर आहे, हिशेब चुकला." छप्पन्न आणि चोपन्न हे दोन्ही शब्द उच्चारात सारख्याच वजनाचे आहेत. एकाच्या जागी दुसरा बसला तरी चालीला त्याचा पत्ता लागत नाही.

पाठाचा मुद्दा पद्यात बांधला की तो स्मरणात राहतो, हे आपण सारे जाणतो. परंतु पद्य कशाचे रक्षण करते आणि कशाचे करीत नाही, याचा विचार आपल्या जुन्या शास्त्रकारांनी बराच बारकाईने केलेला दिसतो. प्रस्तुत लेखात त्यातील एकाच धाग्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

परशुराम बल्लाळ गोडबोले (१७९९–१८७४) हे नाव आपल्या पिढीतील वाचकांस 'नवनीत' या काव्यसंग्रहामुळे परिचित असेल. त्यांच्याच 'वृत्तदर्पण' या ग्रंथावर मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या छंदःशास्त्र शिकल्या. वृत्ताचे लक्षण त्याच वृत्तातील ओळीत सांगावयाचे, ही त्यातील रीत. संस्कृतात केदारभट्टाच्या 'वृत्तरत्नाकरा'तही ती आढळते. भुजंगप्रयाताचेच उदाहरण घेऊ. या वृत्तात 'य' गण चार वेळा येतो, म्हणजे लघु-गुरु-गुरु हा क्रम चारदा मिळून बारा अक्षरे होतात. हा नियम भुजंगप्रयातातच बांधला की विद्यार्थी एखादे अक्षर विसरताच ओळ लंगडते आणि त्याला स्वतःलाच अडखळल्यासारखे होते. येथे नियम व चाल एकरूप असल्यामुळे चालच नियमाची राखण करते.

इतिहासाचे व गणिताचे तसे नाही. सनावळीतील एक अंक बदलला तरी चाल बिघडेलच असे नाही. यावर जुन्यांनी योजलेला उपाय म्हणजे भूतसंख्या. यात अंक न लिहिता त्या संख्येने प्रसिद्ध असलेल्या वस्तूचे नाव घ्यावयाचे. चंद्र एकच, म्हणून शशी म्हणजे एक. वेद चार, ऋतू सहा, रस सहा, ऋषी सात. आकाश म्हणजे शून्य. शब्द एककापासून मांडीत जावयाचे आणि अंक उजवीकडून डावीकडे लिहावयाचे. 'लीलावती'कार भास्कराचार्यांनी आपला जन्मशक अशाच रीतीने नोंदविला आहे. षड्रस, त्रिगुण, पूर्ण आणि पृथ्वी या अर्थाच्या शब्दांतून सहा, तीन, शून्य, एक असे अंक मिळतात. ते उलटे वाचले की शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४, हे वर्ष निघते. एकाच अंकासाठी अनेक प्रतिशब्द असल्यामुळे पद्यकाराला वृत्तात चपखल बसणारा शब्द निवडता येतो.

ही रीत आजच्या मुलांना कितपत उपयोगी पडते, हे पाहण्याचा योग माझ्या नातीमुळे आला. सुरतेत आपल्या मुलांचे शिक्षण गुजरातीत किंवा इंग्रजीत होते, मराठी उरते ती घरापुरती. शिवाजी महाराज सुरतेवर दोनदा चालून आले, जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये. नात या दोन सालांची नेहमी अदलाबदल करी. तेव्हा मी तिच्यासाठी भुजंगप्रयातात चार ओळी जुळविल्या :

श्रुती मांड आधी, ऋतू जोड याला,
रसांच्या पुढे ये शशी शेवटाला;
दिशा वाम घेता मिळे साल आजी,
तई पातले सूरतेला शिवाजी.

श्रुती म्हणजे वेद, म्हणून चार. मग ऋतू सहा, रस सहा, शशी एक. डावीकडे वाचीत गेले की १६६४. 'आजी' म्हणजे 'आज' हे तिला ठाऊक नव्हते. सालाचा आणि आपल्या आजीचा काय संबंध, असे तिने विचारले व घरात हशा पिकला. दुसऱ्या स्वारीसाठी पहिली ओळ 'नभा मांड आधी, मुनी जोड याला' अशी केली. दुसरी व तिसरी ओळ तशीच राहिली आणि चौथीत 'तई' ऐवजी 'पुन्हा' आले. नभ शून्य, मुनी सात, रस सहा, शशी एक, म्हणजे १६७०. दोन्ही स्वाऱ्यांतील फरक पहिल्या ओळीत व चौथ्या ओळीच्या पहिल्या शब्दात एकवटल्यामुळे गोंधळ पुष्कळ कमी झाला.

शब्द निवडताना एक अडचण आली, ती नमूद करतो. चारासाठी प्रथम मी 'सागर' योजणार होतो. संस्कृत गणितग्रंथांत सागर म्हणजे बहुधा चार. परंतु पुराणांत समुद्र सात आहेत आणि मूल सातच मोजणार. 'युग' शब्दही असाच, युगे चार असली तरी त्याचा जोडी असा अर्थ दोनाकडे नेतो. दुहेरी अर्थाचा शब्द कितीही सुंदर बसला तरी तो टाकलेला बरा.

तरीही पद्य फसलेच. आठवड्याभरानंतर नातीने पहिल्या ओळीत ऋतूच्या जागी मुनी घातला. 'ऋतू' आणि 'मुनी' दोन्ही लघु-गुरु, त्यामुळे ओळ निर्दोष वाटली, पण साल झाले १६७४! ते तर रायगडावरील राज्याभिषेकाचे वर्ष. माझा 'चोपन्न' पन्नासहून अधिक वर्षांनी असा परत आला. मात्र यावेळी चूक पकडण्यास एक साधन हाती होते. मी विचारले, "श्रुतीच्या शेजारी कोण, ऋषी की ऋतू? सुरतेवर महाराज आले तेव्हा कोणता ऋतू होता?" ती म्हणाली, "थंडीचा." आणि ऋतू आपल्या जागी परतला. नुसत्या अंकाला असा प्रश्न विचारता येत नाही, वस्तूला येतो. भूतसंख्येचे खरे बळ मला येथे दिसले. चाल क्रम राखते, परंतु मूल्य राखावयाचे तर शब्दाचा अर्थच लागतो.

म्हणूनच अर्थ आधी, पाठांतर मागाहून, हा क्रम ठेवावा लागतो. सहा ऋतूंची नावे येत नसतील तर 'ऋतू' हा केवळ एक ध्वनी उरतो. शिवाय पद्य वर्ष सांगते, कालगणना सांगत नाही. पहिल्या स्वारीचे वर्ष आपल्या गणनेने शके १५८५. तत्कालीन इंग्रजी रीतीने नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे सुरतेच्या इंग्रज वखारीच्या हिशेबी तोच जानेवारी १६६३ सालात मोडतो. जुने कागद वाचणाऱ्याने हे ध्यानी ठेविले नाही, तर त्याला पद्यच खोटे वाटेल. एवढी टीप पद्याखाली गद्यातच लिहावी लागते.

आता नातीची वही भरत चालली आहे. परवा तिने पानिपतचे १७६१ हे साल घेऊन चंद्र, रस, मुनी, शशी असे शब्द स्वतःच मांडले आणि मला विचारले, "आजोबा, दोन्ही टोकांना चंद्रच येतो. मग एकाला पृथ्वी म्हटले तर चालेल ना?" चालेल, असे मी सांगितले. पृथ्वीही एकच आहे.