मधली वाट: आईवडील वर्गात कसे आले

आजची गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या सिएटल शहरात. तिथल्या विद्यापीठात मार्शा लिनेहन या मानसशास्त्रज्ञ स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांवर उपचार करत होत्या. आधी त्यांनी सगळा भर बदलावर दिला. रुग्णांना वाटलं, म्हणजे चूक आमचीच! मग नुसतं समजून घेऊन पाहिलं, तर दुःख तसंच राहिलं. शेवटी त्यांनी दोन्ही एकत्र धरलं: तू आहेस तशी मला मान्य आहेस आणि तुला बदलायलाही हवं. हेच डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपीचं, म्हणजे ‘डीबीटी’चं मूळ. पहिल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली छापून आले.

हा उपचार वर्षभराचा होता. किशोरवयीन मुलं एवढा काळ टिकणार कशी? १९९०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, माँटेफिओरी रुग्णालयात अ‍ॅलेक मिलर आणि जिल रेथस यांनी तो आधी बारा आठवड्यांवर आणला. पण मोठा बदल दुसराच होता. कौशल्यांच्या वर्गात त्यांनी आईवडिलांनाही बसवलं. सजगता, संकट सोसणं, भावना सांभाळणं आणि नाती जपणं हे चार भाग आधीपासून होते. त्यांना पाचवा जोडला गेला, ‘मधली वाट’.

हा भाग का लागला, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, पंधरा वर्षांची मुलगी मैत्रिणींच्या ग्रुपमधून काढली गेली. ती किंचाळते, फोन भिंतीवर आपटते. वडील म्हणतात, “एवढ्याशा गोष्टीसाठी?” ती आणखी भडकते. मग घाबरून आई नवा फोन देते. म्हणजे भावना खोटी ठरली आणि आदळआपट मात्र फळाला आली. पुढच्या वेळी काय होईल, हे आपण ओळखू शकतो.

मधली वाट याच्या उलट चालते. आधी मुलगी थंड पाण्यात चेहरा बुडवून जेमतेम अर्धा मिनिट श्वास रोखते. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात आणि भडका ओसरतो. (हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) मग वडील म्हणतात, “एकटं पाडलं की लागतंच. आणि फोनची भरपाई तुझ्या खर्चातून होईल.” इथे ‘आणि’ महत्त्वाचा. ‘पण’ म्हटलं की आधीचं वाक्य पुसलं जातं, म्हणून वर्गात तो मुद्दाम टाळायला शिकवतात. भावना मान्य करायची, आदळआपट नाही.

याचा उपयोग किती? २०१४ साली ओस्लोत ७७ मुलामुलींवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. १९ आठवड्यांच्या डीबीटीने स्वतःला इजा करण्याचे प्रसंग नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त घटले. २०१८च्या अमेरिकेतल्या, १७३ जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनी डीबीटी सरस ठरली, मात्र वर्षअखेरीस दोन गटांतला फरक ठळक उरला नव्हता.

तेव्हा थंड पाणी फक्त ती घटका टाळतं. घरातलं बोलणं बदलायला आईवडिलांनाही वर्गात बसावं लागतं.