एडीसीचे तीन प्रकार : फ्लॅश, एसएआर आणि ड्युअल स्लोप

सेन्सर, मायक्रोफोन किंवा बॅटरी यांच्याकडून येणारे व्होल्टेज कोणतीही किंमत घेऊ शकते. संगणकाला किंवा मायक्रोकंट्रोलरला मात्र अंकच समजतात. व्होल्टेजचे अंकात रूपांतर करणाऱ्या सर्किटला अ‍ॅनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर किंवा थोडक्यात एडीसी म्हणतात.

एडीसी अनेक पद्धतींनी बनवता येतो. फ्लॅश, सक्सेसिव्ह अप्रॉक्सिमेशन (एसएआर) आणि ड्युअल स्लोप या त्यांतल्या तीन महत्त्वाच्या पद्धती आहेत. तिन्हींचे मूळ काम एकच : अज्ञात व्होल्टेजची ज्ञात व्होल्टेजशी तुलना करणे. ही तुलना एकाच वेळी करायची, एकामागून एक करायची की वेळ मोजून करायची, यावर एडीसीचा वेग आणि अचूकता ठरते. हा फरक समजण्यासाठी एकच व्होल्टेज, १.७३५ व्होल्ट, तिन्ही पद्धतींनी मोजून पाहू.

फ्लॅश : सगळ्या तुलना एकाच वेळी

८ बिटच्या एडीसीकडे २५६ वेगवेगळी उत्तरे असतात. संदर्भ व्होल्टेज २.५६ व्होल्ट घेतले, तर प्रत्येक पायरी १० मिलिव्होल्टची होते. फ्लॅश एडीसीमध्ये सारख्या किमतीचे २५६ रेझिस्टर एका रांगेत जोडून या पायऱ्या तयार केलेल्या असतात. प्रत्येक पायरीवर एक कंपॅरेटर बसवलेला असतो. म्हणजे एकूण २५५ कंपॅरेटर. कंपॅरेटर एवढेच सांगतो की, आलेले व्होल्टेज आपल्या पायरीपेक्षा जास्त आहे की कमी.

१.७३५ व्होल्ट दिल्याबरोबर खालचे १७३ कंपॅरेटर ‘जास्त’ म्हणतात आणि वरचे ८२ ‘कमी’ म्हणतात. थर्मामीटरमधला पारा जिथे थांबतो तिथे जसे तापमान वाचतात, तशीच ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांमधली सीमा वाचून पुढचे सर्किट १७३ हा अंक देते. सगळ्या तुलना एकदमच होत असल्याने उत्तर मिळायला जवळजवळ एका कंपॅरेटरला लागतो तेवढाच वेळ लागतो. म्हणून सेकंदाला कोट्यवधी वेळा मोजमाप घ्यायचे असेल, तर ही पद्धत उपयोगी पडते.

अडचण बिट वाढवताना येते. ८ बिटांवरून १० बिटांवर जायचे, तर २५५ ऐवजी १०२३ कंपॅरेटर लागतात. शिवाय पायरी १० मिलिव्होल्टवरून २.५ मिलिव्होल्टवर येते. प्रत्येक कंपॅरेटरमध्ये बनावटीचा थोडा दोष असतो आणि त्यामुळे त्याची पायरी काही मिलिव्होल्ट वर किंवा खाली सरकते. ५ मिलिव्होल्टचा दोष ८ बिटच्या या एडीसीत अर्ध्या पायरीएवढा असतो, पण १० बिटच्या एडीसीत तोच दोन पायऱ्यांएवढा होतो. म्हणजे कंपॅरेटर चौपट आणि प्रत्येकाकडून चौपट अचूकतेची अपेक्षा, असा दुहेरी खर्च येतो. विजेचा वापरही त्याच प्रमाणात वाढतो.

फार वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला आणखी एक दोष दिसतो. सगळे कंपॅरेटर नेमक्या एकाच क्षणी निर्णय घेत नाहीत. त्यामुळे ‘जास्त’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मध्येच एखादा ‘कमी’ म्हणतो आणि पुढचे सर्किट भलताच अंक देऊ शकते. आलेखावर हा दोष ओळखता येतो : रेषा नीट चाललेली असते आणि मधूनच एखादा ठिपका रेषेपासून खूप दूर पडलेला दिसतो.

एसएआर : एकामागून एक वजन ठेवणे

एसएआरमध्ये कंपॅरेटर एकच असतो. तराजूच्या एका पारड्यात वस्तू ठेवून दुसऱ्यात मोठ्या वजनापासून सुरुवात करावी, तसे त्याचे काम चालते. वजन जड झाले तर काढायचे, नाही तर राहू द्यायचे आणि पुढचे निम्मे वजन ठेवून पाहायचे. इथली वजने १.२८, ०.६४, ०.३२, ०.१६, ०.०८, ०.०४, ०.०२ आणि ०.०१ व्होल्टची आहेत.

१.७३५ व्होल्टसाठी १.२८ राहते. त्यात ०.६४ मिळवले तर १.९२ होतात, म्हणून ते काढले जाते. ०.३२ मिळवून १.६० होतात, ते राहते. ०.१६ मुळे १.७६ होतात, म्हणून ते जाते. ०.०८ आणि ०.०४ राहतात व बेरीज १.७२ होते. ०.०२ ने १.७४ होतात, म्हणून ते जाते. शेवटचे ०.०१ राहते. राहिलेल्या वजनासाठी १ आणि काढलेल्यासाठी ० लिहिले की १०१०११०१ हे उत्तर मिळते, म्हणजेच १७३. फ्लॅशला २५५ कंपॅरेटर लागले, इथे एकाच कंपॅरेटरने आठ वेळा काम केले. बिट वाढला की एकच तुलना वाढते, कंपॅरेटर दुप्पट होत नाहीत. म्हणूनच मायक्रोकंट्रोलरच्या आत बहुधा हाच प्रकार असतो. आर्डुइनो उनोमधल्या चिपचा एडीसी १० बिटचा एसएआर आहे. नेहमीच्या सेटिंगवर त्याला एका मोजमापासाठी सुमारे १०४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण ९,६०० मोजमापे होतात.

या पद्धतीत एकदा घेतलेला निर्णय मागे घेता येत नाही. समजा, पहिल्या तुलनेच्या वेळी व्होल्टेज १.३० होते, म्हणून १.२८ चे वजन ठेवले गेले. लगेच व्होल्टेज १.२० पर्यंत उतरले. आता पुढचे प्रत्येक वजन जड ठरते आणि उत्तर १२८ येते, म्हणजे १.२८ व्होल्ट. खरे व्होल्टेज त्याच्याही खाली गेलेले असते, पण १.२८ चे वजन काढायची सोय उरलेली नसते. हे टाळण्यासाठी मोजमाप सुरू होण्याआधी व्होल्टेज एका छोट्या कपॅसिटरवर साठवून घेतात आणि तुलना त्या साठवलेल्या व्होल्टेजशी करतात. या सोयीला सँपल अँड होल्ड म्हणतात. ती नसेल आणि मोजमापाला १०० मायक्रोसेकंद लागत असतील, तर पूर्ण २.५६ व्होल्टमध्ये वरखाली होणारी साइन लहर १२ हर्ट्‌झच्या पुढे गेली की मोजमापादरम्यान एका पायरीपेक्षा जास्त सरकू शकते.

हा साठवणीचा कपॅसिटरच पुढे वेगळी अडचण उभी करतो. तो भरण्यासाठी ठरावीकच वेळ मिळतो. सेन्सरचा रोध जास्त असेल, तर तेवढ्या वेळात तो पूर्ण भरत नाही. आर्डुइनोच्या चिपसाठी हा रोध सुमारे १० किलोओहम किंवा त्याहून कमी असावा, अशी शिफारस आहे. एकच एडीसी आळीपाळीने अनेक पिनांवर जोडला जातो, त्यामुळे एका सेन्सरचे व्होल्टेज बदलले की दुसऱ्याचे वाचनही थोडे हलू लागते. हे दिसले की दोष बहुधा इथेच असतो. पिन बदलल्यानंतरचे पहिले वाचन सोडून देणे किंवा पिन आणि ग्राउंड यांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावणे हे त्यावरचे नेहमीचे उपाय.

ड्युअल स्लोप : वेळ मोजून व्होल्टेज काढणे

वरच्या दोन्ही पद्धतींत उत्तर १.७३ व्होल्ट आले. शेवटचे ५ मिलिव्होल्ट हरवले, कारण पायरीच १० मिलिव्होल्टची होती. स्वस्त डिजिटल मल्टिमीटर मात्र १.७३५ दाखवतो. अशा मीटरांमध्ये वापरली जाणारी आयसीएल ७१०६ ही चिप ड्युअल स्लोप पद्धतीने चालते.

मोजायचे व्होल्टेज एका रेझिस्टरमधून ठरावीक काळ कपॅसिटरला भरते. या चिपमध्ये हा काळ घड्याळाच्या १,००० ठोक्यांचा असतो. व्होल्टेज जितके जास्त, तितका कपॅसिटर जास्त चढतो. मग उलट दिशेने ज्ञात संदर्भ व्होल्टेज जोडून कपॅसिटर शून्यावर येईपर्यंत ठोके मोजतात. चढलेले आणि उतरलेले अंतर सारखेच असल्याने हिशेब सोपा होतो :

उतरणीचे ठोके = १,००० × (मोजायचे व्होल्टेज ÷ संदर्भ व्होल्टेज)

संदर्भ १ व्होल्ट असेल, तर १.७३५ व्होल्टसाठी उतरणीला १,७३५ ठोके लागतात आणि दशांशचिन्ह देऊन तोच आकडा पडद्यावर येतो. या सूत्रात रेझिस्टरची किंमत नाही, कपॅसिटरची नाही आणि घड्याळाचा वेगही नाही. चढणीत आणि उतरणीत तेच भाग वापरले जातात, त्यामुळे त्यांच्या किमतीतली चूक परस्पर कटते. फ्लॅशसारखे शेकडो जुळणारे कंपॅरेटर किंवा एसएआरसारखी नेमकी वजने इथे लागत नाहीत. कपॅसिटर मात्र चांगल्या प्रतीचा, शक्यतो पॉलिप्रॉपिलीनचा लागतो, कारण काही कपॅसिटर पूर्ण रिकामे झाल्यावरही थोडा भार धरून ठेवतात आणि त्यामुळे वाचन बिघडते.

किंमत मोजावी लागते ती वेळात. घड्याळाचा ऑसिलेटर ४० किलोहर्ट्‌झवर ठेवला, तर चिपचे आतले ठोके सेकंदाला १०,००० पडतात आणि सेकंदाला जेमतेम अडीच वाचने मिळतात. पण या संथपणाचा फायदाही होतो. विजेच्या तारांमुळे वाचनात शिरणारी ५० हर्ट्‌झची गुणगुण जितकी वर जाते तितकीच खाली जाते. चढणीचा काळ १०० मिलिसेकंद असेल, तर त्यात गुणगुणीची नेमकी पाच आवर्तने बसतात आणि तिची बेरीज शून्य होते.

ऑसिलेटर ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवला तर चढणीचा काळ ८३.३ मिलिसेकंद होतो. त्यात ६० हर्ट्‌झची पाच पूर्ण आवर्तने बसतात, म्हणून अमेरिकेत ते चालते. भारतातल्या ५० हर्ट्‌झची मात्र ४ पूर्णांक १/६ आवर्तने बसतात आणि उरलेला तुकडा वाचनात राहतो. १०० मिलिव्होल्ट उंचीच्या गुणगुणीतून ३.८ मिलिव्होल्टपर्यंत चूक उरू शकते, म्हणजे शेवटचा आकडा चार घरे इकडे तिकडे नाचतो. मीटर भारतात वापरायचा, तर ४० किंवा ५० किलोहर्ट्‌झ हा योग्य पर्याय.

हीच गुणगुण फ्लॅशने किंवा एसएआरने एकदाच मोजली, तर १.६३५ ते १.८३५ व्होल्ट यांमधले काहीही उत्तर येऊ शकते. एसएआरचा वेग पुरेसा असल्याने २० मिलिसेकंदांत समान अंतराने अनेक वाचने घेऊन त्यांची सरासरी काढता येते. ड्युअल स्लोपमध्ये तीच सरासरी आपोआप निघते.

तिन्ही शेजारी ठेवून

| प्रकार | एका उत्तरासाठी लागणारे | वेग | मुख्य मर्यादा |
|---|---|---|---|
| फ्लॅश (८ बिट) | २५५ कंपॅरेटर, एक क्षण | सर्वांत जास्त | बिट वाढला की सर्किट दुप्पट |
| एसएआर (८ बिट) | एक कंपॅरेटर, ८ तुलना | मध्यम | वजनांची अचूकता, सेन्सरचा रोध |
| ड्युअल स्लोप | एक कंपॅरेटर, हजारो ठोके | सर्वांत कमी | बदलत्या सिग्नलला निरुपयोगी |

एक मर्यादा मात्र तिन्हींना सारखीच आहे. प्रत्येक पद्धत संदर्भ व्होल्टेजशी तुलना करते. ते एक टक्क्याने चुकीचे असेल, तर १.७३५ व्होल्टच्या वाचनात सुमारे १७ मिलिव्होल्टची चूक येते, मग एडीसी कितीही बिटांचा असो. बिटांवरून पायरी किती बारीक आहे एवढेच कळते. ती पायरी योग्य जागी आहे की नाही, हे संदर्भ व्होल्टेज ठरवते.