दुबार नोंदणी

एकाच व्यक्तीची नोंद एकाच यादीत दोनदा होणे. ऑनलाइन अर्जांत असे बहुधा वेगळा ईमेल किंवा वेगळा मोबाइल क्रमांक दिल्यामुळे घडते. मतदारयादीमुळे ‘दुबार’ शब्दाला लबाडीचा वास लागला आहे, पण बहुतेक दुबार नोंदी घाईतून, विसरण्यातून किंवा घरच्यांच्या काळजीतून होतात.

पुढील उदाहरण कल्पित असले तरी शिबिरे भरवणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. तासगावातल्या मोतीबिंदू तपासणी शिबिराला दोनशेच जागा आहेत. मुलगा आपल्या मोबाइलवरून आईचा अर्ज भरतो आणि नाव लिहितो Suman Vitthal Jadhav. त्याच रात्री पुण्याहून मुलगी स्वतःचा ईमेल देऊन Sumanbai V. Jadhao असा अर्ज भरते. दोन्हीकडे जन्मतारीख 1 जून 1954 आणि पिनकोड 416312 आहे. संगणकाच्या लेखी या दोन बाया, म्हणून एक जागा फुकट जाते.

पहिली चाळणी लिखाणातल्या फरकांची. क्रमांकाच्या आधीचा 0 किंवा +91 आणि मधल्या मोकळ्या जागा काढून दहा अंकच ताडून पाहायचे. ईमेल लहान अक्षरांत आणायचा. जीमेल नावातली टिंबे आणि + नंतरचा मजकूर धरत नाही, त्यामुळे `a.b+run@gmail.com` आणि `ab@gmail.com` यांचे टपाल एकाच पेटीत पडते. हा टिंबांचा नियम सगळ्या ईमेल सेवांना लावला, तर दोन वेगळी माणसे एक ठरतात. ओटीपीचा इथे उपयोग नाही. फोन किंवा ईमेल हातात आहे एवढेच तो सांगतो, आणि सुमनबाईंच्या दोन्ही अर्जांत ओटीपी बरोबरच आला होता.

यापुढे माणूस ओळखावा लागतो. त्याची गणिती पद्धत इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी 1969 मध्ये मांडली. नाव, आडनाव, जन्मतारीख, पिनकोड अशा प्रत्येक बाबीला गुण मिळतात. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या असतील तर ती बाब जुळण्याची शक्यता किती आणि दोन परक्या माणसांत ती योगायोगाने जुळण्याची शक्यता किती, यांचा भागाकार करून 2 या पायाचा लॉगरिदम घेतला की गुण मिळतो. दुर्मीळ आडनाव जुळले तर गुण जास्त, जाधव जुळले तर कमी.

महाराष्ट्रात जन्मतारखेपाशी मोठी मेख आहे. शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेली माणसे जुन्या पिढीत घरोघर सापडतात. तारीख-महिना योगायोगाने जुळण्याची शक्यता 365 त 1 आणि खऱ्या जोडीत जुळण्याची 95 टक्के धरली, तर गुण सुमारे 8.4 येतो. पण शिबिरातल्या दर वीस जणांत एकाची तारीख 1 जून असेल, तर तोच गुण 4.2 वर उतरतो. परक्या तयार प्रणालीला हे ठाऊक नसते. ती 1 जूनच्या जाधवांना एकमेकांत मिसळून टाकते.

गुणांची बेरीज वरच्या मर्यादेपलीकडे गेली तर नोंद एकच समजतात, खालच्या मर्यादेखाली राहिली तर वेगळी. मधल्या जोड्या माणसाने पाहायच्या. Jadhav आणि Jadhao हे एकाच आडनावाचे इंग्रजी लेखन आहे हे सुमनबाईंच्या बाबतीत कारकुनाला लगेच कळते. यंत्राला त्यासाठी उच्चारानुसार अक्षरे जुळवण्याचा नियम द्यावा लागतो. लग्नानंतर बदललेल्या नावांपुढे तो नियमही थकतो. यादी दहा हजारांची असेल तर जोड्या सुमारे पाच कोटी होतात. म्हणून आधी जन्मवर्षानुसार गट पाडून त्या गटापुरतीच तुलना करतात. मात्र वर्ष चुकीचे टंकले गेले, तर ती जोडी कुणाच्याच नजरेस पडत नाही.

संशय आला म्हणून अर्ज नाकारू नये. एका मोबाइलवर आजी, सून आणि नातू अशी तीन खरी नावे असू शकतात, आणि बंद पडलेला क्रमांक काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला दिला जातो. पडद्यावर ‘तुमची नोंद अमुक ईमेलवर आहे’ असेही दाखवू नये, कारण अर्ज भरणारा तिऱ्हाईत असू शकतो. जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर संदेश पाठवून विचारावे. होकार आला तर नोंदी एकत्र करायच्या आणि दोन्ही संपर्क ठेवायचे. जुनी नोंद खोडून टाकू नये. जोड चुकीची निघाली तर ती सोडवता आली पाहिजे.

बोटांचे ठसे आणि बुबुळे ताडून दुबार नोंद पकडण्याचे काम आधार करते. पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. शिबिराच्या अर्जासाठी इतकी संवेदनशील माहिती गोळा करणे मात्र अतिरेकी ठरते. तिथे नाव, जन्मवर्ष, पिनकोड आणि ‘हा अर्ज कुणासाठी भरत आहात?’ हा एक प्रश्न पुरतो. हा प्रश्न असता तर सुमनबाईंच्या मुलीने ‘आईसाठी’ असे लिहिले असते, आणि कारकुनाने दुसरा अर्ज घेण्याआधी भावाला फोन केला असता.